बोटीवर कोणी राहायचं नाही

माझा पहिला मसुदा अर्जुनाने ओट्यावर बसून ऐकला. मी कागद खाली ठेवला तेव्हा तो हसत होता.

"वयनी, ह्यां कोणाक सांगतास? आमका की कलेक्टराक?"

कागदावर लिहिलं होतं, 'मच्छीमार बांधवांनी खोल समुद्रात जाणे टाळावे व सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे.' वरून आलेला इशारा मी जवळजवळ जसाच्या तसा उतरवला होता. मला वाटलं होतं, बदल केला तर चुकेल.

माझा नवरा वीरधवल मासेमारी खात्यात परवाना अधिकारी. सांगलीहून बदली होऊन आम्ही दीड वर्षापूर्वी खारवळ बंदरात राहायला आलो. घर शेवंतीकाकींचं, खालच्या दोन खोल्या आमच्या, वर त्या आणि त्यांचा मुलगा अर्जुना. मी मराठी घेऊन बी.ए. केलेली, कॉलेजात निवेदन करायचे, हे इथे एका हळदीकुंकवात सगळ्यांना कळलं. म्हणून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन हरिबा त्या सकाळी स्वतः दारात आले होते. अरबी समुद्रात वादळ तयार झालं होतं. ते किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेला सरकत होतं आणि उद्या रात्री आमच्या समोरून जाणार होतं. भोंग्यावरून आणि मोबाईलवर पाठवायला लोकांना समजेल असं काहीतरी बोलून दे, असं त्यांचं म्हणणं. वीरधवल पहाटेच दुसऱ्या बंदरावर गेला होता. घरात मी आणि दोन वर्षांची वल्लरी.

"मग कसं सांगू?" मी अर्जुनाला विचारलं.

"माणूस माणसाक सांगता तसा."

शेवंतीकाकी सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि तां मीटर-बिटर काढ. जेटीची पायरी सांग. मीटर कोणी बघल्यान हा?"

त्या दुपारी मी समुद्राबद्दल जे शिकले ते दीड वर्षात शिकले नव्हते. भरतीची वेळ इथे घड्याळावरून काढत नाहीत, तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. उद्या अमावास्या, म्हणजे पंधरा तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकरा आणि रात्रीही साधारण तेव्हाच, थोडं उशिरा. अमावास्येचं पाणी महिन्यातलं सगळ्यात मोठं. त्याला उधाण म्हणतात. वादळ येणार तेही त्याच रात्री. म्हणजे उधाणाच्या पाण्यावर वाऱ्याने ढकललेलं पाणी चढणार.

"आणि जेटीचं काय?" मी विचारलं.

"जेटीक चवदा पायऱ्यो," काकी म्हणाल्या. "मी लग्न होऊन इलंय तेव्हा अवसेचा पाणी धाव्या पायरीक लागायचा. आता अकराव्या पायरीक लागता."

"किती वर्षं झाली?"

"चाळीस झाली असतीत."

खालून मोजली तर दहावीची अकरावी, चाळीस वर्षांत एक पायरी. मी फोनवर शोधलं, समुद्र वर्षाला किती चढतो ते पाहिलं, गुणाकार केला. जवळपास एक पायरीच निघाली. मी गुणाकार परत तपासला आणि काकी पुन्हा सुकट निवडायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत मी नवा कागद लिहिला. वल्लरी मांडीवर झोपली होती, तिच्या पाठीवर कागद ठेवून लिहिला. सोसायटीच्या ऑफिसात हरिबा आणि आठदहा जण बसले होते. मी उभी राहून वाचलं.

"खारवळकरांनो, नीट ऐका. उद्या अवस आहे आणि वादळही आहे. आज्याच्या वेळची पाण्याची रेघ धरू नका, पाणी आता एक पायरी वर आलंय, आणि उद्या त्याच्यावर वारा आणखी पाणी ढकलणार. 

एक. आज कोणी बाहेर जायचं नाही. जे खोल गेलेत त्यांना फोन लागणार नाही, त्यांना वायरलेसवर सोळा नंबरच्या चॅनलवर हाक मारा, आत बोलवा. 

दोन. उद्या सकाळच्या भरतीआधी बोट खाडीत आणा, दोन नांगर टाका. 

तीन. बोटीवरची जाळी, बॅटरी, कागदपत्रं उतरवा आणि बोटीचा फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागेल. 

चार. नांगर टाकला की खाली उतरा. बोटीवर कोणी राहायचं नाही. 

पाच. खाडीच्या तोंडाकडच्या घरांनी दुपारी चारच्या आत वरच्या शाळेत जायचं. म्हातारी माणसं, पोरं, औषधं आधी. 

सहा. वारा मधेच पडला तरी बाहेर यायचं नाही, शाळेतून सांगेपर्यंत. कोणी पाण्यात अडकलं तर तटरक्षक दलाचा नंबर एक-पाच-पाच-चार."

"बरा हा," कोणीतरी म्हणालं. "आता कळता."

हरिबांनी चष्मा कपाळावर सरकवला. सत्तरीचा माणूस, बोटं दोरासारखी पीळ पडलेली. 

"चौथो नंबर काढ."

"का?"

"राखण असता गो बाय. प्रत्येक बोटीर एक माणूस राखणेक रवता. माझ्या बापाशीन केल्यान, मी केलंय."

"पण वादळात..."

"वादळातच! नायतर कधी, लग्नात?" सगळे हसले. हरिबा हसले नाहीत. "पंचवीस-तीस लाखाची बोट असता. ती अशीच सोडून शाळेत जावन भात खाऊचो? इंजिन चालू ठेवूक माणूस होयो. तू सांगलीची. तुका दर्याचा काय ठावक?"

खरंच काय ठाऊक होतं? मी पेन काढून चौथ्या ओळीवर रेघ मारली. पाचाचे चार केले, सहाचे पाच. मग ऑफिसातल्या माईकवर बोलले. भोंग्यातून माझा आवाज खाडीवर गेला आणि पलीकडच्या डोंगराला आपटून परत आला. पाच वेळा बोलले, रेकॉर्डिंग सगळ्या ग्रुपवर गेलं. रात्री वीरधवलचा मेसेज आला, 'तुझा आवाज इथेही ऐकला. छान झालंय.' मला मात्र झोप नीट लागली नाही. पाच नंबर मोजताना दर वेळी चौथ्याला अडखळत होते.

सकाळी नऊला सासूबाईंचा फोन. टीव्हीवर बघून त्या रडकुंडीला आलेल्या.

"दीपा, पोरीला घे आन निघ बघू. कराडपतूर ये, मी धाकट्याला, विश्वजीतला, गाडी घिऊन धाडते."

"आई, घाटात पाऊस आहे. आणि इथे शाळा उंचावर आहे. आम्ही तिथेच जाणार आहोत."

"अगं, पान्याचा भरवसा न्हाई बाई. तुज्या सासऱ्याचं बघितलंस न्हवं? लय सांगितलं, आवं चला, चला. म्हशी सोडून येत न्हाई म्हनले."

फोन ठेवला तेव्हा जिन्यावरून अर्जुना उतरत होता. अंगात रेनकोट, हातात दोरीने बांधलेला डबा, काखेत चादर.

"कुठे निघालास?"

"बोटीर. हरिबाच्या बोटीर माझी राखण हा. उद्या सकाळी येतलंय." त्याने वल्लरीच्या गालाला बोट लावलं. "काय गो चेडवा, काय आणू तुका?"

तो गेला. शेवंतीकाकी दारातच उभ्या होत्या. काल मी चौथी ओळ घरी वाचली होती तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, त्यांना पटली नाही.

"काकी, तुम्ही त्याला थांबवलं नाही?"

"काय म्हणून थांबवू? काल भोंग्यावर बोलतलंस म्हणून रात्रभर कान देवन बसलंय. भोंग्यान सांगल्यान असता तर मी म्हटलां असतां, बघ झिला, सोसायटीच नको म्हणता. आवशीचा कोण ऐकता?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुझ्या भोंग्यात तसा कायच नव्हता."

मी वल्लरीला कडेवर घेतलं आणि पायात चपला न घालताच निघाले.

पाऊस सरळ नव्हता, आडवा होता. खाडीत बेचाळीस बोटी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, म्हशी गोठ्यात उभ्या असाव्यात तशा. अर्जुना छोट्या होडीत बसायच्या बेतात होता.

"एक मिनिट थांब. मला एवढंच सांग, राखणीला राहून तू नक्की करतोस काय?"

"आता?"

"आत्ताच."

त्याने डबा खाली ठेवला. "दोन कामां. वारो जोरात इलो की इंजिन चालू करून बोट वाऱ्याच्या तोंडाक धरूची. नांगरार ताण येत नाय. आणि पाणी चढला की नांगराचो दोर सैल सोडूचो. नाय सोडलो तर बोट वर उठता आणि दोर तिका खाली ओढता. मगे एकतर दोर तुटता, नायतर नाळ पाण्यात जाता."

नाळ म्हणजे बोटीचं नाक. आणि त्याच्या तोंडून ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर खाडी नव्हती, सांगलीजवळचा आमचा गोठा होता.

"आधीच सैल सोडला तर? किती सोडता नेहमी?"

"पाच वाव." वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. "आज बारा होये. पण बारा सोडूक जागा खंय हा? बेचाळीस बोटी आसत. लांब दोर सोडलो तर गरगरून एकमेकींवर आपटतलीत. म्हणान तर आखूड बांधतत आणि माणूस ठेवतत."

"आणि बोटी कमी असत्या तर?"

तो खाडीच्या वरच्या अंगाला बघायला लागला. तिथे खाडी वळते आणि वळणापलीकडे चिपीचं दाट रान आहे. चिपी म्हणजे खारफुटीची झाडं. 

"धाकल्यो बोटी वळणापलीकडे जातीत," तो हळू म्हणाला. "वीस तरी. थय वारो लागत नाय. पण मधी रेवेचो पट्टो हा. भरतीकच पार होता. ओहोटी लागली की रस्तो बंद."

मी घड्याळ बघितलं. साडेनऊ वाजत होते. भरती सव्वाअकराला.

सोसायटीत हरिबा माईकशेजारी बसून चहा पीत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, दोर, बारा वाव, वळण, पट्टा. वल्लरी रडत होती, तिचा आवाज माझ्या आवाजावर चढत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चिपीत बोट घातली तर खरडता. मालक शिव्यो घालतले. आणि काल पाच येळा बोललंस, आज वेगळा बोललंस तर लोक म्हणतले, ह्येंका काय कळत नाय."

"काल मी चुकले."

"दर्याचा तुका..."

"दर्याचं नाही ठाऊक," मी म्हणाले, "पण मागं राहणाऱ्याचं ठाऊक आहे."

आणि मी त्यांना सासऱ्यांचं सांगितलं. कृष्णेचा मोठा पूर आला त्या वर्षी अख्खं गाव निघालं, माझे सासरे आकाराम निघाले नाहीत. दोन म्हशी होत्या. त्यांनी दावी आखूड केली, म्हशी बिथरून जाऊ नयेत म्हणून, आणि स्वतः गोठ्याच्या माळ्यावर चढून बसले. पाणी चढलं की दावी सोडू, असा विचार. पाणी चढलं तेव्हा गाठी पाण्याखाली होत्या. ओल्या दाव्याची गाठ सुटत नाही. विळा खाली राहिलेला. म्हशी वर बघत बुडाल्या. त्यांना दोन दिवसांनी होडीतून जिवंत काढलं.

"मोकळ्या असत्या तर पोहून गेल्या असत्या," मी म्हणाले. "शेजाऱ्यांच्या गेल्या. सासरे आजही रात्री उठून हातांनी गाठ सोडत असतात, अंथरुणात. आणि तेव्हा ते नदीत नव्हते, गोठ्याच्या माळ्यावर होते."

हरिबा उठले. कप ठेवला, काठी घेतली आणि बाहेर गेले. मला वाटलं, वैतागून गेले. पण ते जेटीच्या पायऱ्यांकडे निघाले होते. मी मागोमाग गेले.

पावणेदहा. भरतीला दीड तास बाकी. पाणी अकराव्या पायरीवर होतं.

त्यांनी काठी पाण्यात घातली, पायरी चाचपली, पुन्हा मोजली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन... अकरा. एका लाटेने बारावी भिजवली आणि त्यांचे पाय भिजले, तरी ते हलले नाहीत.

"ह्यां सव्वाअकराचा पाणी," ते म्हणाले, स्वतःशीच. "आता इलां." मग माझ्याकडे वळून, "रात्री किती चढात?"

"मला नाही सांगता येणार. चौदाच्या वर जाईल एवढं नक्की."

"पाच वाव दोरार राखण ठेवली तर..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. "चल. तू बोल. चौथो नंबर मी सांगतंय."

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलले. दुसरा नंबर बदलला. "लहान बोटी आत्ता, भरती आहे तोवर, वळणापलीकडे चिपीत न्या. सव्वाअकरानंतर पट्टा बंद होईल. मोठ्या बोटींनी मोकळ्या जागेत पसरून उभं राहा, दोन नांगर, बारा वाव दोर." तिसरा सांगितला. मग माईक हरिबांकडे दिला. त्यांनी तो फार जवळ धरला, भोंगा किंचाळला.

"मी हरिबा बोलतंय. राखण बंद. आयकलास? बोटीर कोणी रवाचा नाय. माझ्या बोटीर पण नाय. कोण रवलो तर भरपाईच्या अर्जार मी सही करूचंय नाय, तेच्या बापाशीक घेवन इलो तरी. दोर सोडा आणि खाली उतरा."

बाहेर क्षणभर काहीच झालं नाही. मग खाडीवर एक इंजिन फटफटलं, मग दुसरं.

पुढचा दीड तास मी ऑफिसच्या खिडकीत वल्लरीला घट्ट धरून उभी होते. धाकट्या बोटी एकामागून एक वळणाकडे निघाल्या. दोन चिपीला घासल्या, मालकांनी खरंच शिव्या घातल्या, त्या भोंग्यालाही घातल्या. एक पट्ट्यावर रुतली, चौघांनी उतरून ढकलली. हरिबांनी वही काढली आणि दर दहा मिनिटांनी भोंग्यावर बाकी राहिलेल्या बोटींची नावं घेतली. बोटीवरचा माणूस ऑफिसच्या दारात येऊन 'उतरलंय' म्हणाला की नावापुढे टिंब. राखणीच्या माणसांची मोजणी वादळाआधी पहिल्यांदाच होत होती. आजवर ती सकाळी, वादळानंतर, व्हायची.

साडेअकराला एक्केचाळीस टिंबं झाली. हरिबांच्या स्वतःच्या बोटीपुढे टिंब नव्हतं.

शेवंतीकाकी दारात येऊन उभ्या राहिल्या. पाऊस इतका दाट होता की बोट म्हणजे एक राखाडी डाग दिसत होती. हरिबांनी माईकवर नाव घेतलं, पुन्हा घेतलं. "अर्जुना, सोड ती. अर्जुना." तिसऱ्या वेळी आवाज फाटला.

पावणेबाराला पावसातून छोटी होडी दिसली. अर्जुना वल्हवत होता, उभा राहून, होडी तिरकी जात होती. जेटीच्या पायऱ्या आता दिसतच नव्हत्या. दोघांनी त्याला वरूनच हाताला धरून ओढून घेतलं. त्याचे तळवे सोलून निघाले होते.

"दुसरो नांगर अडाकलेलो," तो हरिबांना म्हणाला. "बारा वाव सोडूक गावलो नाय. आठच सुटलो."

"टिंब दे," हरिबा मला म्हणाले. त्यांनी पेन माझ्याकडे दिलं.

काकींनी अर्जुनाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि डबा मागितला. डबा होडीतच राहिला होता.

त्या रात्री आम्ही सगळे शाळेत होतो. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की पत्रे वाजत होते, वल्लरी माझ्या पोटावर झोपली होती आणि वारा एकदा पडला तेव्हा चार जण दाराकडे उठले. शेवंतीकाकी अंधारात ओरडल्या, "सहावो नंबर!" आणि ते चारही जण खाली बसले.

सकाळी उजाडल्यावर खाली गेलो. जेटीवर गवत आणि प्लास्टिक पडलेलं, पाणी तिच्यावरून गेल्याची खूण सोसायटीच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. चिपीतल्या वीसही बोटी चिखलात तिरक्या, पण शाबूत. मोठ्यांपैकी तीन बोटी नांगर तोडून गेल्या होत्या. दोन पलीकडच्या काठाला लागल्या होत्या. तिसरी खाडीच्या तोंडाशी खडकावर पडली होती, केबिन उडालेलं, बगल उघडी. ती हरिबांची.

हरिबा खडकापर्यंत चालत गेले. अर्जुना त्यांच्या मागे, हातांना फडकी बांधलेला. मी लांब थांबले. वीरधवलचा फोन येत होता, तो उचलावासा वाटत नव्हता. हरिबांनी केबिनच्या जागी राहिलेल्या फळीवर हात ठेवला. राखणीचा माणूस तिथे झोपतो. मग ते वाकून नाळेजवळचा तुटलेला दोर उचलून पसरलेल्या हातांनी मोजत बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"कागद हा तुझ्याकडे?"

पर्समध्ये होता, चौथी ओळ खोडलेला. मी पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"लिव," ते म्हणाले. "आठ वाव कमी पडलो. बारा सांग. बारा नाय, चवदा सांग, पाणी अजून चढतला." मग दोर खाली ठेवून, "आणि चौथो नंबर परत घाल. वर. सगळ्यात पयलो."

मी खडकावरच बसले, वल्लरीला पायांमध्ये धरलं आणि लिहायला घेतलं.